थेंबाचं चिन्ह आणि स्कूटरवरची केबल

«मी सिंहगड रोडला राहते आणि रोज स्कूटरवरून खराडीला कामाला जाते. फोन हँडलवरच्या होल्डरमध्ये असतो आणि स्कूटरच्या चार्जिंग पॉइंटला जोडलेला असतो. केबल एकच आहे, तीच काढून घरी आणते. गेल्या आठवड्यात पावसात फोन भिजला. तेव्हापासून चार्जिंगला लावला की पाण्याच्या थेंबाचं चिन्ह येतं आणि चार्जिंग होत नाही. सकाळी कधी कधी होतं, संध्याकाळी घरी आले की पुन्हा तेच. फोन आयपी ६८ आहे, वॉटरप्रूफ म्हणूनच जास्त पैसे मोजले. नवरा म्हणतो हेअर ड्रायर मारू. सासूबाईंनी एक रात्र तांदळाच्या डब्यात ठेवून पाहिला. सासरे म्हणतात बंद करून लाव, आणि तसं लावलं की खरंच होतं! कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणतो सेन्सर गेलाय, तो बंद करून देतो, नाहीतर पोर्ट बदला. फोन कोरडाठाक दिसतो, तरी खोटी सूचना देतो. कुणाचं ऐकू? की नवा फोनच घेऊ?»
— एक वाचक, पुणे

ताई, हे वाचताना फोन चार्जरला जोडलेला असेल तर आधी केबल काढा. फोनकडूनही काढा आणि भिंतीवरच्या अडॅप्टरकडूनही काढा. बाकीचं मग निवांत वाचा.

एवढी घाई अशासाठी, की ही सूचना आल्यावर बहुतेक घरांत केबल तशीच लावून ठेवतात. «चार्ज होतच नाहीये ना, मग लावलेली असली तर काय बिघडतं? सुकलं की आपोआप सुरू होईल.» फोन दुरुस्तीच्या टेबलावर मी बरीच वर्षं बसलो आहे. पाण्यापेक्षा या एका समजुतीने खराब झालेले पोर्ट मी जास्त पाहिले आहेत. फोन वीज घ्यायला नकार देतो म्हणजे तिथे वीज नसते असं नाही. नळ बंद असला तरी पाइपमध्ये पाण्याचा दाब असतोच, तसं हे आहे. तुमच्या स्कूटरच्या पॉइंटला बहुधा चौकोनी, जुन्या यूएसबी-ए प्रकारचं तोंड असेल. त्यात ५ व्होल्ट कायम असतात, फोनने मागितले तरी आणि नाही मागितले तरी. केबलचं टोक ओल्या पोर्टमध्ये बसलेलं असेल तर ते ५ व्होल्ट थेट ओल्या पिनांवर येऊन उभे राहतात. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलचं वेगळं असतं. तिथे फोन आणि चार्जर यांची आधी ओळख पटते, मगच चार्जर वीज सोडतो. पण ओल्या पोर्टमध्ये ती ओळखही चुकीची पटू शकते, म्हणून सूचना दिसली की कोणतीही केबल असो, ती काढायचीच.

आता «खोटी सूचना» या शब्दांकडे येऊ. तुमच्या सगळ्या विचाराचा पाया तोच आहे आणि मला तो जरा हलवून पाहायचा आहे. फोनच्या पोर्टमध्ये पाणी «पाहणारं» काही नसतं. टाइप-सीचं ते छोटं तोंड सव्वाआठ मिलिमीटरच्या आसपास रुंद असतं आणि त्यात वरखाली मिळून २४ संपर्क दाटीने बसवलेले असतात, एकमेकांपासून अर्ध्या मिलिमीटरवर. यातल्या ज्या पिनांमध्ये एरवी वीज वाहायला नको, त्यांच्यामध्ये ती किती सहज वाहते आहे, एवढंच फोन मोजतो. ती वाहायला लागली की तो म्हणतो, इथे काहीतरी ओलं आहे. हे काम पाणी करू शकतं. घाम, भिजलेली धूळ किंवा पिनेवर चढलेला हिरवट गंजही करू शकतो. म्हणजे फोनने सांगितलेली गोष्ट खरीच आहे, दोन पिनांमध्ये वीज गळते आहे. ती कशामुळे गळते हे मात्र त्याला कळत नाही. ते आपण शोधायचं, आणि तुमच्या पत्रात त्याचे चांगले धागे आहेत.

पहिला धागा वॉटरप्रूफचा. तुम्हाला फसवलं गेल्यासारखं वाटतंय, पण तसं झालेलं दिसत नाही. आयपी ६८ याचा अर्थ ठरावीक खोलीच्या स्वच्छ पाण्यात ठरावीक वेळ ठेवल्यावर पाणी फोनच्या आत शिरत नाही. बरेच उत्पादक हा आकडा दीड मीटर आणि तीस मिनिटं असा देतात. पण चार्जिंग पोर्ट म्हणजे मुळात उघडं तोंड आहे. पाणी अडवणारं रबर आणि गोंद त्या तोंडाच्या मागे असतात. त्यामुळे पावसात पोर्टमध्ये पाणी जाणारच, आणि ते तिथेच थांबलं असेल तर फोनने आपलं काम केलेलं आहे. तुमच्या वर्णनात कॅमेऱ्याच्या काचेआत धुकं आलंय, स्पीकरचा आवाज घोगरा झालाय, स्क्रीनवर डाग पडलेत किंवा केबल नसतानाही फोन तापतोय, असं काहीच नाही. तसं असतं तर पाणी आतपर्यंत गेलं असतं. मग माझा सल्ला फोन लगेच बंद करून सर्व्हिस सेंटर गाठण्याचा असता, आणि पुढचा मजकूर तुमच्यासाठी नसता.

दुसरा धागा जास्त बोलका आहे. सकाळी होतं, संध्याकाळी होत नाही. पावसाचं पाणी ढगातून निघताना बरंच स्वच्छ असतं. पण हँडलवरच्या फोनवर जे उडतं ते पुढच्या बसने उडवलेलं रस्त्यावरचं पाणी. त्यात माती, क्षार, तेलाचा अंश असं सगळं असतं. पाणी उडून जातं, पण हा साका पिनांवर राहतो. आणि साक्यातल्या क्षारांना हवेतला दमटपणा धरायची सवय असते. पावसाळ्यात डब्यातलं मीठ जसं ओलसर होतं, अगदी तसंच. रात्रभर पंख्याच्या हवेत फोन पडून राहिला की साका सुकतो आणि सकाळी चार्जिंग होतं. दिवसभराच्या ओल्या हवेत तो पुन्हा पाणी धरतो आणि संध्याकाळी थेंब दिसतो. फोनवर नवा थेंबही पडलेला नसतो, म्हणून तुम्हाला तो कोरडाठाक दिसतो.

आणि तिसरा धागा म्हणजे ती एकुलती एक केबल. खरं सांगायचं तर माझा पहिला संशय तिच्यावर आहे, फोनवर नंतर. विचार करा. स्कूटर चालू असते तेव्हा त्या केबलमध्ये ५ व्होल्ट असतात. कधी फोन खिशात ठेवता तेव्हा केबलचं टोक हँडलला लोंबकळत पावसात भिजतं, वीज अंगात घेऊनच. ओल्या धातूला अशी वीज मिळाली की एका बाजूच्या पिनेचा धातू अक्षरशः विरघळून बाहेर पडू लागतो. पिनेवर सोन्याचा अगदी पातळ थर असतो, त्याखाली निकेल आणि त्याखाली तांब्याचा मिश्रधातू. वरचा थर गेला की तांबं उघडं पडतं, आणि ओलाव्यात तांब्यावर काय चढतं ते देवघरातल्या जुन्या समईवर पाहिलेलं असतं. केबलच्या टोकात असा थर बसला की ती कोरड्या पोर्टमध्ये लावली तरी दोन पिनांमध्ये वीज गळते आणि फोन थेंब दाखवतो. शिवाय तीच केबल तुम्ही रोज घरी आणून फोनला लावता, म्हणजे दुखणं रोज एका अंगावरून दुसऱ्या अंगावर नेता.

तर मग शोध असा घ्या. आज संध्याकाळी घरी आल्यावर फोनचं कव्हर काढा. ही गोष्ट फार लोक विसरतात. कव्हरची कड आणि फोन यांच्या फटीत पाणी अडकून बसतं आणि पोर्टच्या तोंडाशी पुन्हापुन्हा ओल देत राहतं. फोन स्वच्छ सुती फडक्याने पुसा, पोर्ट खाली करून तळहातावर पाच-सहा वेळा हलकेच आपटा, म्हणजे आतला मोठा थेंब बाहेर पडेल. मग रात्री झोपताना फोन पूर्ण बंद करा आणि पोर्ट उघडा राहील, किंचित खाली झुकेल असा टेबलावर ठेवून वर पंखा लावा. बंद फोनची बॅटरी जवळजवळ खर्च होत नाही, त्यामुळे तीस टक्के असतील तर सकाळी तेवढेच मिळतील. गजर तेवढा दुसऱ्या कशावर तरी लावा. घरात किंवा ऑफिसात एसी असेल तर त्या खोलीत फोन जास्त लवकर सुकतो, कारण एसी हवेतली ओल काढून टाकतो. आपल्याकडे जुलैत खिडकीतून येणारी हवाच ओली असते, म्हणून नुसतं खिडकीत ठेवून फारसं होत नाही.

किती वेळ? ॲपल आपल्या वापरकर्त्यांना सांगतं की किमान ३० मिनिटं थांबा आणि मग लावून पाहा. तरी सूचना आली तर पूर्ण सुकायला २४ तासही लागू शकतात. इतर फोनसाठीही हेच गणित चालेल. तुमच्या बाबतीत आठवडाभर साका बसलेला आहे, म्हणून मी पूर्ण २४ तास म्हणतो, आणि त्या काळात स्कूटरवरची केबल लावायचीच नाही. मध्ये दर दोन तासांनी «झालं का» म्हणून लावून पाहणं हीच मोठी चूक ठरते, कारण प्रत्येक वेळी ओल्या पिनांवर वीज येते.

चोवीस तासांनंतर दुसरी केबल घ्या. कुणाकडून मागितली तरी चालेल, पण ती पावसात न गेलेली असावी. अडॅप्टरही घरातला, कोरडा. लावा आणि पाहा.

थेंब न येता चार्जिंग सुरू झालं तर प्रश्न बहुधा केबलचा होता आणि मला वाटतं तुमच्याकडे हेच होईल. जुन्या केबलच्या टोकात मोबाइलच्या टॉर्चने नीट पाहा. आतल्या सोनेरी रेघांपैकी एखादी काळी, हिरवट किंवा खडबडीत दिसेल. ती केबल धुवू नका, घासू नका. तिचं टोक कात्रीने कापून मगच कचऱ्यात टाका, म्हणजे घरात कुणी चुकून पुन्हा वापरणार नाही. नवी केबल तापकीर गल्लीत घ्या किंवा घराजवळ, पण टोकावरचं प्लास्टिक घट्ट बसलेलं आहे ना ते बघून घ्या.

नवी केबल लावूनही थेंब आला, पण केबल नसताना येत नाही, तर साका पोर्टमध्ये आहे. इथे आणखी एक छोटी तपासणी करा. केबल काढून उलटी करून लावा. टाइप-सी दोन्हीकडून बसते, पण प्रत्येक बाजूला वेगळ्या रांगेतले संपर्क कामाला येतात. एका बाजूने चार्ज होतो आणि दुसऱ्या बाजूने थेंब दाखवतो, असं झालं तर एका रांगेतल्या पिनेवर थर आहे हे जवळपास नक्की. हे दुकानात सांगितलंत तर दुरुस्ती करणाऱ्याचा निम्मा वेळ वाचेल.

आणि काहीही न लावता सूचना येत असेल तर पोर्टमध्ये खिशातले दोरे आणि धूळ भिजून बोळा झालेला असतो, किंवा पिना गंजलेल्या असतात. हा बोळा सुईने किंवा सेफ्टीपिनने काढायचा मोह होतो. तो आवरा. पिनांच्या मधोमध जी पातळ जीभ असते ती लोखंडी टोकाने सहज चिरते. मग कितीही सुकवलं तरी उपयोग नसतो. कापसाची काडी किंवा टिश्यू पेपरही नको. त्यांचे तंतू आत राहतात आणि पुढच्या पावसात पाणी धरून बसतात.

पत्रात घरातल्या प्रत्येकाचा एकेक उपाय आहे, त्यांच्याबद्दलही बोलतो, कारण ते प्रेमापोटीच सांगतायत. सासूबाईंच्या तांदळाने फोन सुकला नाही, रात्र गेली म्हणून जे सुकायचं ते सुकलं. तांदूळ हवेतली ओल फार ओढत नाही. उलट त्याची पांढरी पूड आणि कणी पोर्टमध्ये जाते आणि ओल्या पिनांना चिकटते. तुमचा फोन डब्यात राहून आलाय, म्हणून पोर्ट खाली धरून टॉर्चने एकदा नक्की पाहा. कणी दिसली तर ओढून काढू नका, तळहातावर आपटून पडते का बघा. नव्या चपलांच्या खोक्यात मिळतात तशा सिलिका जेलच्या पुड्या घरात असतील तर फोनसोबत झाकणाच्या डब्यात ठेवायला हरकत नाही. चमत्कार होणार नाही, पण ओल्या हवेच्या रात्री पंख्यापेक्षा बंद डबा बरा पडतो.

ड्रायरला मात्र ठाम नाही म्हणा. गरम झोत पाण्याला आत ढकलतो. आणि जो गोंद आणि जे रबर पाणी आतपर्यंत जाऊ देत नव्हतं, तेच उष्णतेने सैल पडतं. ड्रायर मारल्यावर पुढच्या पावसात पाणी खरोखर आत गेलेले फोन माझ्याकडे आलेले आहेत. कॉम्प्रेसरची हवा मारणाराही हेच करतो. हवा हवी असेल तर साधा पंखा पुरे.

सासऱ्यांची युक्ती चालते हे खरं आहे. ती चालते म्हणूनच जास्त काळजीची आहे. काही फोन बंद असताना पोर्टमधली गळती तपासणारी यंत्रणा पूर्ण जागी नसते, म्हणून फोन न कुरकुरता वीज घेऊ लागतो. ओल मात्र होती तिथेच असते. फरक इतकाच, की आता सांगणारं कुणी नाही. आठवडाभर रोज रात्री असं केलं असेल तर पिनांवर थर चढायला तेवढा वेळ मिळालेला आहे. सासऱ्यांना हे सांगताना त्यांचं चुकलं असं म्हणू नका. चार्जिंग होताना त्यांनी पाहिलंय. सुकवल्यानंतर करू, एवढंच म्हणा.

दुकानदाराच्या «सेन्सर बंद करून देतो» ला होकार देऊ नका. वर सांगितलं तसं, तिथे वेगळा काढून टाकता येईल असा सेन्सर सहसा नसतोच. ते मोजमाप चार्जिंगच्या चिपमध्येच होतं. बंद करायचंच झालं तर तुमच्या पिना जळेपर्यंत कळणार नाही एवढंच साधतं. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये पोर्ट खरोखर कोरडा झाल्यावरही जुनी सूचना अडकून राहते. तसं असेल तर Settings मध्ये Apps उघडून सिस्टिम ॲप दिसू द्यायचे, USBSettings शोधायचं, त्याच्या Storage मध्ये Clear cache दाबायचं आणि फोन पुन्हा सुरू करायचा. हा उपाय २४ तास सुकवून, दुसरी केबल लावून पाहिल्यानंतरचा आहे. आधी केलात तर तुम्हीच आरसा झाकल्यासारखं होईल.

आता समजा दुपारी दोन टक्के उरलेत, घरून फोन येणार आहे आणि सूचना काही जात नाही. अशा वेळी काय? तुमच्या फोनला वायरलेस चार्जिंग असेल तर मागची बाजू पुसून पॅडवर ठेवा. ती वीज पोर्टमधून जातच नाही, म्हणून इथे अडचण नाही. ते नसेल आणि सिम कार्डाच्या रूपात असेल तर एका दिवसासाठी घरातल्या जुन्या फोनमध्ये टाका. कॉल आणि ओटीपी येतील. पैशांची ॲप मात्र नव्या हँडसेटवर पुन्हा पडताळणी मागतील, म्हणून खिशात थोडी रोकड ठेवा.

आयफोनवर अशा वेळी Emergency Override असं बटण येतं. म्हणजे धोका कळला, तरी चार्ज कर. ते बटण आहे म्हणून रोज दाबायचं नाही. खरंच गत्यंतर नसेल तर आधी फोन आपटून थेंब काढा, केबल कोरडी आणि दुसरी घ्या आणि फास्ट चार्जर नको, साधा जुना ५ व्होल्टचा लावा. बरेच फास्ट चार्जर व्होल्टेज ९ वर नेतात आणि ओल्या पिनांवर जितकं जास्त व्होल्टेज तितकं नुकसान लवकर. दहा-पंधरा टक्के झाले की काढा. तोपर्यंत जवळच बसा आणि अधूनमधून केबलच्या टोकाला बोट लावून पाहा. ते कोमट लागलं तरी लगेच काढायचं. उशीखाली, अंथरुणावर ठेवून झोपी जायचं तर अजिबात नाही.

पोर्ट बदलायचा की नवा फोन घ्यायचा, हा तुमचा शेवटचा प्रश्न. दुसरी केबल लावून, उलटीसुलटी करून पाहिल्याशिवाय दोन्हीपैकी काहीच ठरवू नका. पोर्टचाच दोष निघाला तरी पहिली पायरी सफाईची असते. दुरुस्ती करणारा भिंगाखाली पाहून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पिना साफ करतो. हे घरी करू नका, बाटलीतलं सॅनिटायझर तर ओतूच नका, त्यात पाणी आणि इतर पदार्थ असतात. सफाईने न भागल्यास पोर्ट बदलावा लागतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये तो मुख्य बोर्डाला जोडलेला नसतो, खाली एक लहान वेगळी पट्टी असते, तेवढीच बदलली जाते. दुकानदाराला हेच विचारा: «माझ्या मॉडेलला वेगळी पट्टी आहे का, की मुख्य बोर्डावर सोल्डरिंग आहे?» उत्तर देताना तो तुम्हाला भिंगातून पिना दाखवायला तयार असेल तर योग्य ठिकाणी आहात. जुना भाग परत मागा. फोन उघडला की पाणी अडवणारा गोंद तुटतो. नवा लावणार का, तेही विचारा. लावला तरी त्यानंतर तो फोन आयपी ६८ धरू नका. वॉरंटी बाकी असेल तर बाहेर उघडण्याआधी सर्व्हिस सेंटरला जा. पाण्याने झालेलं नुकसान साध्या वॉरंटीत सहसा बसत नाही, आणि पाणी गेलंय का हे कळण्यासाठी बऱ्याच फोनमध्ये सिमच्या खाचेत एक छोटी पट्टी असते, ती पाणी लागलं की लाल होते. तुमची पांढरी असेल तर एक फोटो काढून ठेवा.

एवढं झाल्यावर स्कूटरचं. पाऊस असेल तेव्हा हँडलवर चार्ज करू नका, फोन रेनकोटच्या आतल्या खिशात किंवा सीटखालच्या डिकीत पिशवीत ठेवा. सीटखाली गरम होतं, पण एका प्रवासापुरतं चालेल. नकाशा लागतो तर तो इअरफोनवर ऐका. पोर्टला रबरी बूच मिळतं, ते लावायचं असेल तर पोर्ट कोरडा असतानाच. ओल्या पोर्टवर लावलंत तर ओल आत कोंडून ठेवल्यासारखं होतं. स्कूटरच्या पॉइंटला लावायची केबल वेगळी, ती तिथेच राहील, पण स्कूटर उभी असताना तिचं टोक पिशवीत बांधून ठेवायचं. घरच्या फोनला ती लावायची नाही. ऑफिसातली केबल ऑफिसात, घरातली घरात.

पुढच्या दोन दिवसांत नव्या केबलवर काय होतं ते पाहा. काहीही न लावता थेंब येत राहिला तर पुढे फोन घेऊन जाताना ती जुनी केबलही सोबत न्या. भिंगाखाली केबलच्या कोणत्या पिनेवर थर आहे हे कळलं की पोर्टमध्ये तिच्या समोरच्या जागी काय झालंय ते दुरुस्ती करणाऱ्याला फोन न उघडताच दिसेल.